चोखोबांचा ‘ऊस डोंगा परी’ : रविवारच्या बैठकीसाठी प्रश्न काढलेत, मतं हवीत

मृणाल_धरमपेठ

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटाच्या या रविवारच्या बैठकीत संत चोखामेळ्यांचा एकच अभंग घ्यायचं ठरलं आहे. गटात निवृत्त मंडळी आहेत, कॉलेजची पोरं आहेत, शेजारपाजारच्या बायकाही येतात. अभंग सगळ्यांना पाठ आहे, आणि पंचाईत तीच आहे. मागे असाच एक पाठ असलेला अभंग घेतला, तर पाच मिनिटांत ‘रूप पाहू नये, मन पाहावं’ असं म्हणून सगळे चहाकडे वळले.

ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥
कमान डोंगी परी तीर नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥
नदी डोंगी परी जळ नोहे डोंगें ।
काय भुललासी वरलिया रंगें ॥
चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥

माझे प्रश्न असे आहेत. ऊस, कमान आणि नदी ही तिन्ही उदाहरणं एकच गोष्ट सांगतात, की तीन वेगळ्या? ‘भुललासी’ म्हणताना चोखोबांच्या समोर कोण उभं आहे? ‘चोखा डोंगा’ असं ते स्वतःच म्हणतात, मग लोकांनी मारलेला शिक्का त्यांना मान्य आहे का? आणि शेवटचा, आजच्या नागपुरात ‘वरलिया रंगा’ कशाला म्हणायचं?

यातला कुठला प्रश्न फुसका आहे आणि काय सुटलंय, मोकळेपणाने सांगा.

प्रियंका_रामटेक

मृणालताई, आमच्याकडे तलावात मासे धरायला जी नाव नेतात तिला डोंगा म्हणतात, म्हणून मी लहानपणापासून हा अभंग नावेचाच समजत होते. उसाने भरलेली नाव, पुढे नदी, सगळं जुळतही होतं. कमानीपाशी मात्र काही केल्या जुळेना. कॉलेजच्या पोरांना आधी सरळ सांगून टाका की इथे डोंगा म्हणजे वाकडा. नाहीतर माझ्यासारखे कोणी गप्प बसून नावच पाहत राहतील.

शुभम_वर्धा

मला यात बॅकग्राउंड महत्त्वाची वाटते. चोखोबा ज्ञानेश्वरांचे शिष्य होते. विठोबाच्या गळ्यातला हार त्यांच्या गळ्यात सापडला म्हणून बडव्यांनी त्यांना मारलं, तेव्हा त्यांनी हा अभंग म्हटला. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, समोर बडवे उभे आहेत. आणि बाबासाहेबांनी चोखामेळा पूर्णपणे नाकारला होता, तेही चर्चेत यायला हवं.

जुनीपोथी

शुभम, हाराची कथा परंपरेत आहे, पण ती दुसऱ्या अभंगाची. ‘धांव घाली विठू आता चालू नको मंद । बडवे मज मारिती ऐसा काही तरी अपराध’ हा तो अभंग. तिथे मारणारे कोण, आळ काय, हाक कोणाला, सगळं त्यातच सांगितलेलं आहे. ‘ऊस डोंगा’मध्ये असा एकही धागा नाही. कथा त्याच्यामागे जोडली की ‘भुललासी’चा रोख एका दिवशीच्या चारदोन बडव्यांपुरता उरतो आणि ऐकणारा सुटतो. कथेशिवाय वाचला तर तो एकवचनी ‘तू’ थेट ऐकणाऱ्यावर येतो. कीर्तनात हा अभंग लागतो तेव्हा समोर जो बसलेला असतो, तोच तो ‘तू’. गुरू म्हणाल तर परंपरा नामदेवांचं नाव घेते. ज्ञानदेव त्याच काळातले, त्यांनी १२९६ साली समाधी घेतली.

आता मृणालताईंच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते बैठक तिथेच तरेल किंवा बुडेल. ‘रूप नको, अंतरंग पाहा’ हा अर्थ पहिल्या ओळीला चपखल बसतो, कारण रस उसाच्या आत असतो. पण दुसऱ्या ओळीवर तोच अर्थ लावून पाहा. तीर कमानीच्या आत असतो का? तो तिच्यावर चढवतात, आणि सुटला की तो सरळ जातो. इथे आतबाहेरचा संबंधच नाही. वाकड्यातून सुटलेली गोष्ट सरळ जाते, एवढंच ती ओळ सांगते. आणि कमानीला बाक नसेल तर ती नुसती काठी, तिच्यातून तीर सुटणार नाही. म्हणजे पहिल्या ओळीत वाकडेपणाने काही बिघडत नाही, दुसरीत तो असल्याशिवाय काम होत नाही.

तिसऱ्या ओळीत नदीची वळणं जमिनीमुळे पडलेली आहेत. चढ आला, खडक आला, तशी ती वळली. आतल्या पाण्याला स्वतःचा आकारच नाही, त्यामुळे त्याला वाकडं म्हणायची सोयच उरत नाही. हे तीन वेगळे युक्तिवाद पालुपदाने एकत्र बांधले आहेत, आणि पालुपद सारखं आहे म्हणून आपण ते एकच समजून पुढे जातो.

हे डोक्यात ठेवून चौथी ओळ वाचा. ‘चोखा डोंगा’ यातला डोंगेपणा उसाचा, कमानीचा की नदीचा? गटाला एवढा एकच प्रश्न टाका, चहाला उशीर होईल.

मृणाल_धरमपेठ

काका, तीर कमानीच्या आत नसतो हे इतकी वर्षं म्हणताना एकदाही लक्षात आलं नव्हतं. पहिला प्रश्न आता असाच विचारते.

रसवंतीवाला_काटोलरोड

नमस्कार. मी शिकलेला नाही जास्त, पण उसाचं मले समजते म्हणून लिवतो. आमची उन्हाळ्यात रसवंती असते. वाकडा ऊस चरकात घालाले त्रास होते, कांडीवर मधातच तोडा लागते, पण रस सारखाच निंघते. हे महाराजाचं खरं आहे. पण जो ऊस वाऱ्यापावसानं लोळते त्याची गोष्ट वेगळी. जमिनीले टेकला का डोळे फुटतेत, बाजूनं कोंब येतेत, उंदीर खातेत. असा ऊस लय दिवस तसाच राहिला तर रस पानचट लागते, गिऱ्हाईक दुसरा गिलास मांगत नाही. म्हणून मी म्हणतो, वाकडेपणानं रसाले काहीच होत नाही असं नाही. वाकडा कायले झाला ते पाहा लागते.

जुनीपोथी

भाऊ, तुम्ही फार मोलाची गोष्ट सांगितली. अभंगात ऊस डोंगा आहे, लोळलेला नाही, म्हणून चोखोबांचं म्हणणं टिकतं. पण तुमचा मुद्दा चौथ्या ओळीला नेमका लागतो. ज्याला पिढ्यानपिढ्या जमिनीला टेकवून ठेवलं त्याच्या आतल्या रसावर काहीच परिणाम होत नाही, असं मानणं हा वरच्यांना सोयीचा विचार आहे. चोखोबांच्याच दुसऱ्या अभंगांत भूक आहे, उष्टं आहे. ‘जोहार मायबाप जोहार । तुमच्या महाराचा मी महार ॥ बहु भुकेला जाहलो । तुमच्या उष्ट्यासाठी आलो’ हे कोणाच्याही पोटात कालवतं. दोन्ही अभंग शेजारी ठेवा, म्हणजे ‘भाव नोहे डोंगा’ म्हणायला किती बळ लागलं असेल ते दिसतं.

कमलताई_इंदोरा

मी इथे फारसं लिहीत नाही, पण आज लिहिते. माझी आजी चोखोबाचे अभंग म्हणायची. घरात चोखोबाची तसबीर होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिने दीक्षा घेतली, त्यानंतर तसबीर भिंतीवरून उतरली आणि आजीने ते अभंग कधीच म्हटले नाहीत. तिला ते आवडत नव्हते म्हणून नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा तिने मनापासून पाळल्या. मला हे सगळं आईकडून कळलं.

तेव्हा धरमपेठेत बसून ‘चोखोबाला शिक्का मान्य होता का’ असं विचारलं जातं तेव्हा मला वाटतं, हा प्रश्न कोण कोणाला विचारतंय? ज्याचा शिक्का आहे त्याला विचारा ना. मृणालताई, तुमच्यावर राग नाही, पण तिसऱ्या प्रश्नात आरोपीच्या पिंजऱ्यात चोखोबा उभे आहेत.

शुभम, बाबासाहेबांबद्दल तू म्हणतोस ते अर्धंच आहे. संत माणसामाणसातल्या लढ्यासाठी उभे राहिले नाहीत, देवापुढे सगळे सारखे एवढंच ते म्हणाले, ही बाबासाहेबांची टीका आहे आणि ती मला पटते. पण अस्पृश्य कोण होते यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४८ साली आलं, ते त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केलं आहे. त्यांनी मार्ग नाकारला, माणूस नाकारला नाही.

शुभम_वर्धा

ताई, अर्पणपत्रिकेचं माहीत नव्हतं. पण एक शंका राहतेच. ‘यातीहीन मी महार । पूर्वी निळाचा अवतार ॥ कृष्णनिंदा घडली होती । म्हणोनि महार जन्मप्राप्ती’ हाही चोखोबांचाच अभंग आहे ना? इथे तर ते स्वतःच्या जन्माला मागच्या जन्मातल्या पापाचं फळ म्हणतात. मग ‘चोखा डोंगा’ म्हणजे शिक्का मान्य करणं नाही, असं कसं म्हणायचं?

जुनीपोथी

प्रश्न रास्त आहे. त्या अभंगाचा शेवटही तसाच आहे, ‘चोखा म्हणे विटाळ । आम्हां पूर्वीचे हे फळ.’ तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

मात्र त्याच गाथेत याच्या अगदी उलट बोलणारे अभंगही आहेत. ‘कोण तो सोंवळा कोण तो वोंवळा । दोन्हींच्या वेगळा विठ्ठल माझा’ म्हणणारा चोखोबा विटाळाची कल्पनाच मुळातून उखडतो. पाची महाभूतांचा विटाळ एकच, मग सोवळा कोण उरला, असं तो विचारतो. या दोन चोखोबांचा मेळ कसा घालायचा, यावर अभ्यासकांत वाद आहे.

त्यात अडचण पाठाची. चोखोबांच्या स्वतःच्या काळातली हस्तलिखित प्रत आपल्या हाती नाही. त्यांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले अशी परंपरा आहे, आणि आज छापील गाथेत मिळतात ते साडेतीनशेच्या आसपास. तोंडातून तोंडात आणि वहीतून वहीत येताना काय गळलं, काय आत शिरलं, कोण सांगणार? निळाच्या अवताराचा अभंग नंतर कोणी घातला असेल, असं काही जण म्हणतात. मी स्वतः त्या वाटेने जायला कचरतो. न आवडणारा अभंग प्रक्षिप्त आणि आवडणारा अस्सल, असं केलं की आपण आपलाच चोखोबा घडवतो. एकाच माणसाला वेगवेगळ्या दिवशी दोन्ही वाटलं असेल, हेही शक्य आहे. रोज वेठीला जाऊन येणाऱ्या माणसाच्या मनात सुसंगती शोधणं मला जड जातं.

वेठीवरून आठवलं. चोखोबांच्या काळाबद्दल मृणालताईंच्या प्रश्नांत काहीच नाही, ते घाला. चोखोबांच्या हयातीत देवगिरीच्या यादवांचं राज्य संपलं, १३१८ मध्ये ते पुरतं बुडालं. वरची सत्ता बदलली, पण गावकुसाबाहेरच्या माणसाची वेठ बदलली नाही. मंगळवेढ्याला कुसाची भिंत बांधायला महारांना वेठीला धरलं होतं, ती भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबाही गेले. परंपरा शके १२६० म्हणजे १३३८ साल सांगते. ढिगाऱ्यातल्या ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या चोखोबांच्या, असं ओळखून नामदेवांनी त्या पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. आजही नामदेव पायरीसमोर ती समाधी आहे, आणि ती देवळाच्या बाहेर आहे. ज्या कुसाच्या आत राहू दिलं नाही तेच कुस बांधताना माणूस मेला, हे गटाला सांगा. मग अभंग वाचा.

कमलताई_इंदोरा

आणि त्या देवळात आमच्या लोकांना पाऊल टाकायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. चोखोबा गेल्यानंतर सहाशे वर्षांहून जास्त. हेही सांगा. ‘भाव नोहे डोंगा’ म्हणणाऱ्याला सगळ्यांनी माना डोलावल्या, दार मात्र कोणी उघडलं नाही.

अनिकेत_बुटीबोरी

चौथ्या प्रश्नाबद्दल लिहितो. मी मूळचा यवतमाळकडचा, बुटीबोरीला कंपनीत आहे. नागपुरात खोली बघत होतो. एका ठिकाणी सगळं ठरलं, भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळसुद्धा. निघताना मालक म्हणाले, ‘पूर्ण नाव काय म्हणाले तुम्ही?’ मी सांगितलं. मग गाव विचारलं, वडील काय करतात विचारलं. संध्याकाळी फोन आला की पुतण्या येणार आहे राहायला. त्या घराच्या बैठकीत ‘भेदाभेद भ्रम अमंगळ’ फ्रेम करून लावलेलं होतं, ते मी स्वतः वाचलं होतं.

म्हणून मला वाटते, आजचा ‘वरलिया रंगा’ म्हणजे चेहरा, कपडे, गोरेपणा असं काही नाही. आडनाव आहे. कॉलेजच्या पोरांना ‘लोक दिसण्यावरून पारखतात का’ विचाराल तर ते इन्स्टाग्रामवर बोलतील आणि चर्चा तिकडेच जाईल. ‘आडनाव ऐकल्यावर तुमच्या मनात पहिलं काय येते’ असं विचारून बघा.

प्रियंका_रामटेक

अनिकेत, वाचून वाईट वाटलं. पण सगळ्यांसमोर असं विचारलं तर लोक खरं बोलतील का? मी तरी बोलणार नाही कदाचित.

अनिकेत_बुटीबोरी

नाही बोलणार. पण गप्प बसतील, आणि गप्प का बसले ते त्यांना समजते. चिठ्ठीवर नाव न घालता लिहून घेतलं तर जास्त जण लिहितील बहुतेक.

कमलताई_इंदोरा

अनिकेत बाळा, चिठ्ठीची कल्पना चांगली आहे. फक्त त्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचून दाखवू नका. ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते तिथेच बसलेले असतील, त्यांनी पुन्हा का ऐकावं?

मृणालताई, एकट्या चोखोबाला घेऊन बसू नका. त्या घरात सगळे अभंग रचत होते. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, निर्मळेचा नवरा बंका, मुलगा कर्ममेळा. ‘देहासी विटाळ म्हणती सकळ’ हा सोयराबाईंचा घ्या, बायकांना वेगळं सांगावं लागणार नाही. आणि कर्ममेळ्याचा हा घ्याच:

आमुची केली हीन याती ।
तुज कां न कळे श्रीपती ॥
जन्म गेला उष्टे खाता ।
लाज न ये तुमचे चित्ता ॥

बाप म्हणतो माझा भाव वाकडा नाही. मुलगा देवाला विचारतो, तुला लाज वाटत नाही का? एका घरातल्या दोन पिढ्या आहेत या. माझ्या आजीने जे केलं ते मला बापापेक्षा या मुलाच्या जवळचं वाटतं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाऐवजी हे दोन अभंग समोर ठेवा, लोक आपोआप बोलतील.

जुनीपोथी

कमलताई, पटलं. आपल्या नागपूरचीही यात नोंद हवी. किसन फागुजी बनसोडे मोहप्याचे, त्यांनी नागपुरात मुलींसाठी शाळा काढली ती चोखामेळ्याच्या नावाने, आणि याच नावाचं एक पत्रही चालवलं. जाईबाई चौधरींनी इथे काढलेली मुलींची शाळाही संत चोखामेळ्याच्याच नावाची. दीक्षेच्या कितीतरी आधी इथल्या दलित चळवळीने हे नाव भजनातून काढून शाळेच्या पाटीवर नेलं होतं. तेव्हा आजच्या काळातला प्रश्न फक्त ‘आपण कसे पारखतो’ एवढाच ठेवू नका. ज्यांच्या घरातला हा कवी आहे त्यांनी त्याचं काय केलं, कधी धरलं, कधी सोडलं, हाही इतिहासच आहे.

एका गोष्टीत मात्र माझं वेगळं मत आहे. मुलगा बापापेक्षा तिखट आहे, हे मान्य. पण बापाचा अभंग मवाळ नाही. कमानीची ओळ पुन्हा वाचा. कमान आपोआप वाकत नाही, कोणीतरी जोर लावून तिला वाकवतं, तेव्हा तिच्यात ताण येतो. मग तीर सुटतो. ‘चोखा डोंगा’ हे ताण दिलेल्या कमानीसारखं वाचलं तर ती कबुली राहत नाही.

कमलताई_इंदोरा

सर, वाचायला छान आहे, पण हे चोखोबांच्या मनात होतं की तुमच्या? ती ओळ ते म्हणतात त्यानंतर लगेच नदी येते, आणि नदी कोणावर सुटत नाही.

जुनीपोथी

आक्षेप बरोबर आहे. ओळीत ती शक्यता आहे, एवढंच मी ठामपणे म्हणू शकतो. चोखोबांनी तसं म्हटलं, असं नाही म्हणणार.

शुभम_वर्धा

मला तर आता वाटतंय की ‘भुललासी’मधला ‘तू’ विठोबासुद्धा असू शकतो. कर्ममेळा देवाला ‘लाज न ये’ म्हणू शकतो, तर चोखोबा देवाला ‘वरच्या रंगाला काय भुललास’ का नाही म्हणणार? तसं असेल तर अभंग अजूनच धीट होतो.

जुनीपोथी

व्याकरणाची आडकाठी काही नाही. परंपरेत असं वाचलेलं मला ठाऊक नाही, पण गटात मांड.

रसवंतीवाला_काटोलरोड

मले यायचं आहे रविवारी. बाहेरच्यायले येऊ देता का? आणि निळाचा अवतार वाला अभंग घेणार का नाही ते सांगा. आमच्याकडचे भजनी लोकं तोच जास्त म्हणतेत, आणि आमच्या गावात त्याच्यावरून एकदा वाद झाला होता.

मृणाल_धरमपेठ

भाऊ, जरूर या, बैठक सगळ्यांना खुली आहे. जागा आणि वेळ निरोपातून कळवते.

प्रश्न बदलले आहेत. आता सुरुवात मंगळवेढ्याच्या भिंतीपासून करते आणि मग अभंग. पहिला प्रश्न, तीर कमानीच्या आत नसतो, मग ती ओळ काय सांगते? दुसरा, ‘तू’ कोण: ऐकणारा, बडवा की देव? तिसरा प्रश्न काढून टाकला, त्या जागी कर्ममेळ्याचा आणि सोयराबाईंचा अभंग वाचणार. शेवटी आडनावाचा प्रश्न चिठ्ठीवर, आणि चिठ्ठ्या कोणीही वाचणार नाही, लिहिणाऱ्याने सोबत घरी न्यायच्या.

निळाच्या अभंगाचं मन ठरत नाहीये. काका म्हणतात तसं तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही, टाळला तर लबाडी होईल. घेतला तर गटातले एकदोन जण ‘बघा, त्यांनाच मान्य होतं’ म्हणून मोकळे होतील, याची भीती वाटते. कमलताई, तुम्ही काय म्हणाल?

कमलताई_इंदोरा

घ्या. पण ‘कोण तो सोंवळा’ त्याच पानावर छापा, त्याच्या खाली, दुसऱ्या पानावर नको. आणि कोणी ‘त्यांनाच मान्य होतं’ म्हणालं, तर आधी त्याला विचारा की हे ऐकून त्याला बरं का वाटलं. मी येते रविवारी.

शुभम_वर्धा

मीपण येतो, सकाळच्या गाडीने. तो अभंग मीच वाचून दाखवू का?

मृणाल_धरमपेठ

वाच. सोयराबाईंचा प्रियंका वाचेल, आली तर. कर्ममेळ्याचा कमलताईंनी वाचावा, अशी माझी विनंती आहे.